उत्तरांशेजारचा ‘का?’ : सात महिने वर्कशीट वापरल्यावर ताईंना पत्र

ताई,
सादर नमस्कार.

जूनपासून तुमच्या विज्ञानाच्या वर्कशीट सोडवतोय. आता पूर्वपरीक्षाही झाली. विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी ३३ मिळाले. पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७ होते, ते तुम्हाला आठवत असेल. आभार मानायचेच आहेत, पण नक्की कशाने फरक पडला तेही सांगतो, म्हणजे पुढच्या बॅचला उपयोग होईल.

फरक पडला तो उत्तराच्या उजवीकडे असलेल्या ‘का?’ या रकान्याने. सुरुवातीचे दोन महिने मात्र मी तो चुकीच्या पद्धतीने वापरला. गणित वाचायचो, लगेच उजवीकडे बघायचो, ‘हां, कळलं’ म्हणायचो आणि पुढे जायचो. वाचताना सगळं पटायचं, चाचणीत मात्र काहीच सुचायचं नाही. मग तुम्ही कागद उभा दुमडून द्यायला लागलात. आधी स्वतः सोडवायचं, मगच घडी उघडायची आणि जिथे घसरलो तिथे पेन्सिलीने एक ओळ लिहायची. तेव्हापासून गाडी रुळावर आली.

‘उष्णता’ या धड्याची वर्कशीट तर मी जपून ठेवली आहे. ४० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा २० ग्रॅम बर्फ टाकला, तर शेवटचं तापमान किती? मी ४००० ला १२० ने भागून ३३ अंश लिहिलं. घडी उघडली तर उत्तर २० अंश. शेजारी तुमच्या अक्षरात होतं, ‘बर्फ वितळत असताना त्याचं तापमान शून्यावरच राहतं, तरी तो उष्णता घेतच असतो. दर ग्रॅमला ८० कॅलरी. त्या तू कुठे धरल्यास?’ धरल्याच नव्हत्या. पाणी शून्यापर्यंत गार होताना ४००० कॅलरी देऊ शकतं. त्यातल्या १६०० नुसत्या वितळण्यात जातात. उरलेल्या २४०० मध्ये १२० ग्रॅम पाणी २० अंशांपर्यंत तापतं. अप्रकट उष्म्याची व्याख्या मला पाठ होती, पण तो हिशेबात कुठे बसतो ते त्या दिवशी कळलं.

त्याखालचं गणित त्याहून भारी होतं. पाणी तेच, पण बर्फ १०० ग्रॅम. मी आता हुशारीने ८००० वजा केले आणि उत्तर आलं उणे २० अंश! शून्य अंशाचा बर्फ आणि कोमट पाणी एकत्र करून दोघांपेक्षाही गार मिश्रण कसं होईल? ‘का?’ मध्ये लिहिलं होतं, ‘असं उत्तर आलं की समज, सगळा बर्फ वितळलेलाच नाही. आधी तपास, पुरेशी उष्णता आहे का.’ ४००० कॅलरीत ५० ग्रॅमच वितळतो, बाकीचा तरंगत राहतो आणि तापमान शून्यच. आता अशा गणितात मी आधी या दोन आकड्यांची तुलना करतो, सूत्र नंतर.

तुम्ही दिलेला प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणि आईचा केकसाठीचा वजनकाटा घेऊन २० ग्रॅम बर्फाचं पहिलं गणित घरी करूनही पाहिलं. पाणी १९ अंशांवर थांबलं. आधी वाटलं, आपलंच चुकलं. मग तुम्ही विचारलंत की बर्फ फ्रीजरमधून काढून थेट टाकलास का. तो शून्याच्या बराच खाली असतो, आधी शून्यापर्यंत यायलाच थोडी उष्णता खातो. शिवाय पेल्याचा आणि हवेचाही हिशेब आम्ही धरला नव्हता. पुढच्या वेळी बर्फ पाझरू लागेपर्यंत बाहेर ठेवला आणि फडक्याने टिपून टाकला.

दोन गोष्टी या वर्कशीटने झाल्या नाहीत, त्याही सांगतो. आकृत्यांना नावं देणं फक्त काढून काढूनच सुधारलं. आणि ‘का?’ वाचून वाचून मी पेपरात लांबलचक लिहायला लागलो होतो. दिलेल्या बाबी, सूत्र, उत्तर, एकक ही मांडणी वेगळी घोटावी लागली.

तुम्ही रात्री बसून प्रत्येक चुकीमागचं कारण हाताने लिहायचात, अप्पा बळवंत चौकातून झेरॉक्स काढून आणायचात आणि माझी पेन्सिलीची प्रत्येक ओळ वाचायचात. ताई, हे मी कधीच विसरणार नाही.

एक राहिलंच. वाफेच्या वर्कशीटमध्ये चौथ्या उत्तरात ४५०० कॅलरी छापलंय. शेजारच्या ‘का?’ मध्ये मात्र १० ग्रॅम वाफेचं पाणी होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी धरल्यात, म्हणजे ५४०० हवेत. जूनच्या बॅचसाठी झेरॉक्स काढण्याआधी तेवढं दुरुस्त करा.

तुमचा विद्यार्थी