फॅटला चारने गुणलं आणि मला 8400 कॅलरीजना गंडवलं

लिहायलाच लाज वाटतेय, कारण मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, एका पैशाचा फरक आला तरी माणसाला परत पाठवते, आणि मलाच एका प्रोटीन बारने दोन महिने बनवलं. तेही गुणाकारात.

लेबलवर लिहिलं होतं, एका बारमध्ये प्रोटीन 20 ग्रॅम, कार्ब 22 ग्रॅम, फॅट 14 ग्रॅम, आणि वर ठळक अक्षरात 224 कॅलरीज. रोजच्या हिशोबात दोन बार म्हणजे 448, असं धरून मी बाकीचं जेवण कमी करत गेले. 60 दिवस, 120 बार. वजनकाटा ढिम्म. मग काय, पाणी कमी पितेय, झोप नीट नाही, मीठ जास्त होतंय, सगळे दोष स्वतःलाच लावून झाले.

आता खरा हिशोब बघा. प्रोटीन आणि कार्बच्या एका ग्रॅमला 4 कॅलरीज, फॅटच्या एका ग्रॅमला 9. म्हणजे 20 चोक 80, 22 चोक 88, आणि 14 गुणिले 9 म्हणजे 126. एकूण 294. लेबलवर 224! हे 70 गेले कुठे? तर तिन्ही आकडे मिळवा, 56 होतात, आणि 56 गुणिले 4 बरोब्बर 224. म्हणजे फॅटलाही चारनेच गुणलंय. चूक म्हणा की चलाखी म्हणा, फरक नेहमी फॅटच्या ग्रॅमच्या पाचपट निघतो, इथे 14 पंचे 70. दिवसाला 140, साठ दिवसांत 8400. साधारण एक किलो चरबीइतका माल मी डाएट म्हणून गिळला.

सगळ्यात जास्त झोंबतं ते हे की पहिल्याच दिवशी मी पाकीट उलटं करून 14 ग्रॅम फॅट वाचलं होतं, “बापरे, एवढं?” असं मनातल्या मनात म्हटलंही होतं, आणि मग वरचा 224 दिसला आणि गप्प बसले. तिथेच 126 काढायला हवे होते, दहा सेकंदांचं काम. पण छापील आकडा कोण तपासतं हो? मीच एकटी मूर्ख होते असं नाही.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे मॅडम, फायबरच्या कॅलरीज धरत नाहीत. आता हे अगदीच खोटं नाही, म्हणूनच चिडचिड जास्त. फायबरला साधारण 2 धरतात, आणि साखरेऐवजी वापरतात त्या काही गोडव्यांना चारपेक्षा कमी, एरिथ्रिटॉलला तर शून्य. त्यामुळे अशा बारचा हिशोब थोडा कमी येऊ शकतो. पण माझ्या पाकिटावर फायबर 3 ग्रॅम, तेही त्या 22 मध्येच धरलेलं, आणि असला गोडवा एकही नाही. 3 ग्रॅमवर दोन-दोन सोडले तर 6 कमी, राहिले 288. फायबरने 70 कमी करायचे तर 35 ग्रॅम लागेल, आणि अख्खं कार्बच 22 आहे! हे म्हटल्यावर फोन कट.

(फायबर कार्बच्या आत धरलंय की वेगळं, ते आधी बघा. वेगळं असेल तर त्याचे दोन-दोन मिळवायचे, वजा नाही करायचे.)

पाच-दहाचा फरक आला तर भांडू नका, ग्रॅमचे आकडे पूर्णांकात छापतात आणि 4-4-9 हे मुळात सरासरी आकडे आहेत. सत्तरचा फरक मात्र राउंडिंगने येत नाही. आणि बेरीज जुळली म्हणजे माल खरा असंही नाही, ग्रॅमच खोटे छापले असतील तर गुणाकार छान जुळतो.

तक्रार केली त्याची तर कथाच वेगळी. पहिला साहेब म्हणाला, आकडे अंदाजे असतात. दुसऱ्याने लॅबचा रिपोर्ट मागितला. अहो, लॅब कशाला, त्यांनीच छापलेल्या तीन आकड्यांतून त्यांचाच चौथा आकडा निघत नाहीये, कॅल्क्युलेटर पुरे! तिसरी बाई म्हणाली उघडलेलं पाकीट चालत नाही, सीलबंद आणा. एकवीस दिवस, चार फोन, दोन अर्ज, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. चार आणि नऊ यातला फरक मी त्या ऑफिसात तीनदा समजावला.

शेवटी दात-ओठ खात सीलबंद बॉक्स मागवला. प्रोटीन 20, कार्ब 22, फॅट 14, रंग तोच, आणि वर 294. गुपचूप बदललंय. तो बॉक्स घेऊन गेले तर साहेब लेबल वाचून म्हणतात, हे तर बरोबर आहे, तुमची तक्रार नेमकी काय आहे?