पलंगाखाली आणि पडद्यामागे केलेली फवारणी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे घर चोपडा तालुक्यात आहे. पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या आणि मागचे माजघर जुन्या जाड मातीच्या भिंतींचे, वरून चुना मारलेले. नळाला चार दिवसांनी पाणी येते, त्यामुळे पिंप आणि टाकी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. मे महिन्यात ऊन इतके तापते की खिडक्यांना जाड, गडद पडदे लावावेच लागतात, आणि दिवसभर अंधार व गारवा असलेले ते घर माणसांइतकेच डासांनाही आवडते. गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्या मुलीला डेंग्यू झाला. तिच्या आजारपणात आम्ही एका खाजगी फवारणीवाल्याला बोलावले. त्याने बाराशे रुपये घेतले, भिंतींच्या वरच्या भागावर फवारा मारला, घरभर धूर सोडला आणि दहा मिनिटांत काम संपवले. तिसऱ्या दिवशी डास पुन्हा दिसू लागले.

माझे दीर आरोग्य सेवक आहेत. ते आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वहिनी, दिवसा डास बसतात कुठे, ते तुम्ही कधी पाहिले का?" मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सलग तीन दिवस सकाळी दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन मी घराचा कोपरा न् कोपरा तपासला आणि दिसेल तो डास वहीत नोंदवला. एकूण ३१ डास सापडले. त्यांतील ११ पलंगांखाली, ७ खुंटीवर टांगलेल्या कपड्यांमागे, ५ पडद्यांच्या घडीत आणि ४ लाकडी कपाटामागे होते. उरलेले चारच इतरत्र, आणि भिंतीच्या वरच्या भागावर, जिथे पैसे देऊन फवारा मारून घेतला होता, तिथे त्यांपैकी एकच. बहुतेकांच्या पायांवर पांढरे पट्टे होते, म्हणजे ते डेंग्यू पसरवणारे एडिस जातीचे डास होते.

दिरांनी सांगितलेली गोष्ट आधी लिहिते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एडिसची मादी रक्त प्यायल्यावर अंडी तयार होईपर्यंत दोन-तीन दिवस अशाच अंधाऱ्या, दमट, वारा न लागणाऱ्या जागी बसून राहते. तिच्या अंगात गेलेला विषाणू पुढच्या माणसाला देण्याइतका वाढण्यास साधारण आठ ते बारा दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात ती अनेकदा अशा जागांवर येऊन बसते. त्या पृष्ठभागावर टिकून राहणारे औषध असेल, तर यांपैकी एखाद्या बसण्यात ती मरण्याची शक्यता मोठी असते. धुराचे तसे नाही. धूर हवेत तरंगतो, पलंगाखाली आणि कपड्यांमागे पुरेसा पोहोचत नाही, आणि विरला की मागे काहीच उरत नाही. मेक्सिकोतील अकापुल्को शहरात घरांतील डास पकडून पाहिले तेव्हा बहुतांश एडिस दीड मीटरपेक्षा खाली आणि सर्वाधिक झोपण्याच्या खोल्यांत बसलेले आढळले. ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे २००८-०९ च्या साथीत रुग्ण ज्या ज्या घरांत जाऊन आले होते, तिथे नेमक्या याच जागांवर फवारणी केली गेली, आणि न फवारलेल्या घरांच्या तुलनेत पुढील लागण होण्याची शक्यता ८६ ते ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

आम्ही घरगुती वापरासाठी परवानगी असलेले डेल्टामेथ्रिन अडीच टक्के हे पांढरट प्रवाही औषध आणि दोन लिटरचा हातपंप घेतला. कपाशीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली आपल्याकडे बहुतेक घरांत असते आणि ती वापरण्याचा मोह होतो. तसे कोणीही करू नये. शेतीच्या औषधांतील काही माणसासाठी अतिविषारी असतात, आणि ज्यांत तेच डेल्टामेथ्रिन असते त्यांतही घरात श्वासावाटे जाऊ नयेत असे द्रावक मिसळलेले असतात.

मात्रेचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. सरकारी कार्यक्रमात भिंतीवर डेल्टामेथ्रिनची मात्रा प्रत्येक चौरस मीटरला २० मिलिग्रॅम धरतात, आणि आमच्या बाटलीच्या लेबलवरील मात्रा तिच्याशी जुळत होती. परंतु एका चौरस मीटरवर आपल्या पंपातून आणि आपल्या हाताने किती पाणी पडते, हे ठाऊक असल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी असतो. म्हणून अंगणातील भिंतीवर खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यावर साधे पाणी मारले, सर्वत्र ओल येईल पण ओघळ येणार नाही इतकेच, आणि पंपातील पाणी किती कमी झाले ते मोजले. तीन वेळा केले, सरासरी ४० मिलिलिटर भरली. अडीच टक्के औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन असते, म्हणजे २० मिलिग्रॅमसाठी ०.८ मिलिलिटर औषध हवे. ते ४० मिलिलिटर पाण्यात, म्हणजेच एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, आणि एवढ्यात २५ चौरस मीटर जागा होते. ज्याच्या पंपातून ६० मिलिलिटर पडते त्याने हेच प्रमाण ठेवले तर मात्रा दीडपट होईल. आमच्या सर्व निवडक जागा मिळून २२ चौरस मीटर भरल्या. सगळ्या भिंती फवारल्या असत्या तर ती जागा दीडशेच्या वर गेली असती.

पहिली फवारणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केली. गाद्या, कपडे, देवघरातील सामान आणि सर्व भांडी बाहेर काढली, पाण्याची पिंपे झाकली, मुलांना शेजारी पाठवले. पलंगाच्या फळीची खालची बाजू आणि पाय, पलंगामागची भिंत कमरेपर्यंत, कपाटाची पाठ, खुंट्यांखालची भिंत, बुटांच्या कप्प्याचा तळ, माजघरातील दोन कोनाडे आणि पडद्यांची भिंतीकडील बाजू एवढेच फवारले. गादी, अंगावरचे कपडे आणि स्वयंपाकाचा ओटा यांना थेंबही लागू दिला नाही. पृष्ठभाग पूर्ण वाळून घर तीन तास उघडे राहिल्यावरच आत आलो. हातमोजे आणि मुखपट्टी असूनही पलंगाखाली वाकताना गालाला औषध लागले आणि संध्याकाळपर्यंत तिथे मुंग्या आल्यासारखे होत राहिले. या गटातील औषधांनी त्वचेला असे होते व ते बहुधा दिवसभरात शमते, पण तेव्हापासून पलंग उभा करूनच फवारणी करते. ज्यांच्या घरी मांजर किंवा माशांची टाकी आहे त्यांनी हे औषध वापरण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण दोघांनाही ते फार घातक आहे.

पहिल्या आठवड्यात रोज झाडताना पलंगाखाली मेलेले डास निघत. पंधराव्या दिवशी त्याच पद्धतीने तीन सकाळी मोजले, तेव्हा ३१ च्या जागी ४ डास मिळाले. हे सगळे श्रेय फवारणीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याच वेळी दर रविवारी पिंपे घासून कोरडी करण्याचा नेमही सुरू केला होता.

सातव्या आठवड्यात खुंट्यांमागे पुन्हा पाच-सहा डास दिसू लागले. औषधाचा जोर उतरला आहे, की डासच त्याला दाद देत नाहीत, हे नुसते पाहून कळत नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. दिरांनी दाखवलेली तपासणी मी घरीच केली. पातळ प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेल्यात आठ डास पकडायचे, पेला फवारलेल्या जागेवर अर्धा तास उपडा धरायचा, मग डास साखरपाण्याचा बोळा ठेवलेल्या स्वच्छ पेल्यात घालून दुसऱ्या दिवशी किती मेले ते पाहायचे. सोबत न फवारलेल्या जागेवरही तसाच एक पेला लावायचा. तासाभरात डास उलटे पडले म्हणजे मेले असे समजू नये. त्यांतील काही रात्रीतून सावरून उडतात. पलंगाच्या फळीवरचे आठही एडिस मेले होते. चुन्याच्या भिंतीवरचे आठांपैकी तीनच मेले, आणि न फवारलेल्या जागेवरचा एक. प्रयोगशाळेत असे तपासताना ८० टक्क्यांहून कमी मेले तर फवारणी संपली असे धरतात. त्याच जातीचे डास फळीवर मरत होते, म्हणजे दोष चुन्याचा होता. चुना अल्कधर्मी असल्यामुळे हे औषध त्यावर लवकर विघटित होते, आणि मातीची भिंत तर ते आतच शोषून घेते.

त्यावर आम्ही खुंट्यांमागची भिंत चार फुटांपर्यंत घासून तिला ऑईल पेंट दिला आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा फवारले. तिथे दुसरी फवारणी तेरा आठवडे टिकली. पलंगाची फळी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच फवारणीवर चालली. पडदे मात्र दिवाळीच्या आधी धुतले आणि त्यांच्यावरचे औषध त्या एका धुण्यात गेले. पडदा आधी धुवावा आणि मग फवारावा, हे मला तेव्हा सुचले नाही. न्हाणीच्या दारामागची जागा रोज भिजते, तिथे तर आठवडाभरही काही उरले नाही, म्हणून ती सोडून दिली.

रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या तपकिरी डासांच्या बाबतीत माझी निराशा झाली. ते गटारात वाढणारे क्युलेक्स. ताज्या फवारलेल्या फळीवरही आठांपैकी चारच मेले. ताज्या जागेवरच असे घडले म्हणजे औषध उतरलेले नसून त्या डासांत प्रतिकारशक्ती आलेली असावी. अशा वेळी मात्रा वाढवणे चूक आहे. घरातल्यांच्या अंगात विष जास्त जाते आणि प्रतिकार करणारे डास तेवढे मागे उरतात. त्यांच्यासाठी आम्ही मच्छरदाणी लावतो आणि मागच्या गटारातील तुंबलेला गाळ काढतो.

औषध, पंप आणि हातमोजे मिळून आठ महिन्यांत साडेनऊशे रुपये खर्च झाला, आणि अर्धी बाटली कुलूपबंद पेटीत शिल्लक आहे. जानेवारीअखेर तीन सकाळच्या मोजणीत दोन एडिस मिळाले, दोन्ही माजघरातील चुन्याच्या कोनाड्यात. प्रत्येक पलंगाच्या फळीवर खडूने फवारणीची तारीख लिहून ठेवली आहे, आणि कोनाड्यांना रंग दिल्याशिवाय तिथे पुन्हा औषध मारणार नाही.