टेस्ट निवडायचा फ्लोचार्ट: रेशोपासून सुरू करावा की पदाच्या आकारापासून?

इंदूरमध्ये बी.एस्सी. मॅथ्सच्या अभ्यासगटांत सिरीजच्या टेस्टचे दोन तऱ्हेचे कागद फिरतात. दोन्ही एका पानाचे आणि दोन्हींचा पहिला चौकोन सारखाच: पद शून्याकडे जातं का? नाही, तर सिरीज डायव्हर्ज, विषय संपला. जात असेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही. फरक आहे तो दुसऱ्या चौकोनात. एका कागदावर तिथे सरळ लिहिलंय, ‘रेशो टेस्ट लावा’. दुसरा विचारतो, ‘पदात n! किंवा 2ⁿ, nⁿ असं काही आहे का?’ आणि नसेल तर पदाचा आकार बघायला लावतो.

रेशोवाल्या कागदाची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. n!/nⁿ घ्या. रेशो काढला की (n/(n+1))ⁿ उरतं, लिमिट 1/e, म्हणजे 1 पेक्षा कमी, म्हणून कन्व्हर्ज. दोन ओळींत उत्तर. पॉवर सिरीजची त्रिज्या काढायचीय, तरी हाच कागद बरा. शिवाय विचार न करता चालता येतो, हे परीक्षेच्या घाईत काही कमी नाही.

पण त्याच्या ‘लिमिट = 1’ या बाणाने माझं मत फिरवलं. कागदावर तो कोपऱ्यात बारीकसा काढलेला असतो, जणू क्वचितच लागणार. प्रत्यक्षात पदात नुसते n चे घात, मुळं आणि लॉग असले की रेशोचं लिमिट 1 च येतं. उदाहरणार्थ

a_n = (√(n+1) − √n)/n

रेशो लावलात तर वर-खाली दोन्हीकडे मुळांची वजाबाकी येते, दोन्हींचं रॅशनलायझेशन करायचं, मग n/(n+1) सांभाळायचं, आणि अर्ध्या पानानंतर हाती 1. तो बाण नेतो राबेच्या टेस्टकडे. तिथे लिमिट 3/2 येतं खरं, पण आणखी अर्धं पान घेऊन. बहुतेक मुलं मधेच चिन्ह चुकवतात आणि आपली टेस्ट चुकली असं समजून परत वर जातात.

आकारवाल्या कागदावर हेच पद एकदा रॅशनलाइझ करायचं: 1/(n(√(n+1)+√n)). n मोठा असताना कंसात साधारण 2√n. म्हणजे पद 1/(2n^(3/2)) सारखं. 1/n^(3/2) शी लिमिट कंपॅरिझन केलं की 1/2 मिळतो; p = 3/2, कन्व्हर्ज. राबेने जो 3/2 शेवटी दिला, तोच इथे आधी दिसतो.

या कागदालाही खाचखळगे आहेत. 1/n^(1+1/n) मध्ये घात 1 पेक्षा मोठा दिसतो आणि मुलं ‘p > 1, कन्व्हर्ज’ लिहून मोकळी होतात. पण p स्थिर असायला हवा. इथे n^(1/n) हे 1 कडे जातं, पद 1/n सारखंच राहतं आणि सिरीज डायव्हर्ज होते. चौकोनात ‘p स्थिर’ हे दोन शब्द घालाच. 1/(n(log n)^p) साठी वेगळी फांदी हवी: कॉशीचं कंडेन्सेशन, म्हणजे n च्या जागी 2ᵏ घालून 2ᵏ ने गुणायचं. स्थिर गुणक सोडला तर 1/kᵖ उरतो. इथे मात्र रेशो आणि राबे दोन्ही 1 वर अडकतात.

सगळ्यात जास्त घोळ चिन्हांचा. लिमिट कंपॅरिझन फक्त धन पदांना चालतं, म्हणून ‘सगळी पदं धन आहेत का?’ हा चौकोन त्याच्या वर हवा. खाली समासात टीप म्हणून नको. (−1)ⁿ/√n आणि (−1)ⁿ/√n + 1/n यांचा भागाकार 1 कडे जातो, तरी पहिली कन्व्हर्ज होते आणि दुसरी नाही, कारण तिच्यात हार्मोनिक सिरीज मिसळलेली आहे. दुसरीवर लाइब्निझ लावून बघितली तर चिन्हं आलटून-पालटून येतात, पद शून्याकडे जातं, पण आकार n = 2, 3, 4 ला 1.207, 0.244, 0.75 असा वरखाली होतो. तेव्हा लाइब्निझच्या चौकोनात ‘उतरता क्रम तपासला?’ हेही छापा.

तुमच्या पेपरात 1·3·5…(2n−1)/2·4·6…(2n) छापाची पदंच जास्त येत असतील, तर रेशो आणि मग राबे हा रस्ता तुम्हाला सोपा वाटेल, आणि त्यात वावगं काही नाही. एरवी मी तरी आकारवालाच कागद झेरॉक्सला देईन, फक्त ‘n! / nⁿ’ च्या फांदीवर रेशोची दोन ओळींची उदाहरणं जोडून.