डोक्यातून उगवलेला खांब: पुसायचा की सरकवायचा?

सांगलीच्या कृष्णाघाटावरचा फोटो. मागे आयर्विन पूल, आणि दिव्याचा खांब नेमका नवरदेवाच्या डोक्यातून वर आलेला.

एडिटिंगमध्ये पुसायचा तर आकाशातला भाग क्लोनने, म्हणजे शेजारचं आकाश त्यावर उमटवून, पटकन जातो. अडतं केसांपाशी. आधी डोक्याचं सिलेक्शन करून मास्क लावा, म्हणजे तेवढा भाग झाकून ठेवा, नाहीतर केसांची कड पुसट होते आणि डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

सरकवण्यात काम वाचतं, हा गैरसमज. खांब वेगळ्या लेयरवर घेऊन हलवला तरी जुनी जागा भरावीच लागते. शिवाय तो कानाला टेकला तर दोष तसाच. डोक्याच्या रुंदीएवढी तरी फट ठेवा. पाण्यातलं प्रतिबिंबही सोबत न्या, तेच नेमकं विसरतं. दिवा फोटोत हवाच असेल तरच हा खटाटोप करा. खांबाला तारा असतील तर तारांसकट पुसलेला बरा.