नळी उभी की आडवी?

25 मिमी व्यासाची, 1 मीटर लांबीची नळी. बाहेर 100 अंशांची शुद्ध वाफ, नळीची भिंत 90 अंशांवर. आडवी ठेवली तर थंड भिंतीवर वाफेचं पाणी किती होईल ते सांगणाऱ्या नुसेल्टच्या सूत्राने तासाला सुमारे 15.5 किलो पाणी जमतं. तीच नळी उभी केली तर 8 किलो. फरक पाण्याच्या थराचा आहे. उभ्या नळीवर तो मीटरभर ओघळत जाड होतो, आणि जाड थरातून उष्णता सावकाश जाते. आडव्या नळीवर मात्र तो अर्ध्या परिघातच खाली गळतो. h हा उष्णता-संक्रमण गुणांक, L नळीची लांबी आणि D व्यास धरला, तर:

`h_आडवी / h_उभी = 0.77 (L/D)^(1/4)`

मात्र हे 8 किलो कमी धरलेले आहेत. इथे थराचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा, 380च्या आसपास येतो, आणि 30च्या पुढे थरावर लाटा उठतात. म्हणून उभ्या नळीचं उत्तर रूढीने 20 टक्के वाढवतात: साडेनऊ किलो. तरीही माझी पसंती आडवीलाच. एकाखाली एक नळ्या लावल्या, तर वरचं पाणी खालच्यांवर पडून दर नळीमागची सरासरी घटते, एवढं लक्षात ठेवा.

मुंबईच्या पावसाळ्यात थंड पाइपवर जमणाऱ्या पाण्याला मात्र हे सूत्र लावू नका. तिथे वाफेत हवाच जास्त असते आणि उत्तर कित्येक पटींनी फुगतं.