भाषांतरित गोषवाऱ्यावरून संदर्भ देणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जपानी मला येत नाही. तरीही एका औषधाविषयीच्या आढावा-लेखासाठी गेले काही महिने मी जपानी शोधनिबंध त्यांच्या इंग्रजी गोषवाऱ्यांच्या आधारे हाताळत आले आहे. पबमेडवर असे निबंध कसे दिसतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. शीर्षक चौकोनी कंसात असते, लेखकांच्या नावांजवळ मूळ भाषेचा उल्लेख असतो आणि खाली इंग्रजी गोषवारा असतो. हा अनुभव लिहिण्याचे निमित्त मात्र लेखाच्या परीक्षकांनी विचारलेला एक प्रश्न आहे. एका जपानी निबंधाचा हवाला दिलेल्या वाक्यापाशी त्यांनी विचारले होते, "ही टक्केवारी किती रुग्णांवरून काढली आहे?" गोषवाऱ्यात त्याचे उत्तर नव्हते.

आधी जे चांगले, ते सांगते. शोध घेण्यासाठी या गोषवाऱ्यांना तोड नाही. पुढील ओळीत औषधाचे नाव जोडले की जपानी भाषेतले, पण इंग्रजी गोषवारा असलेले निबंध वेगळे काढता येतात.

```
japanese[la] AND english abstract[pt]
```

विषय कोणता, रुग्ण कोणते आणि तुलना कशाशी केली, एवढे ठरवायला तो मजकूर बहुतेक वेळा पुरतो. नको असलेले निबंध बाजूला काढण्याचे काम त्यामुळे पैसा खर्च न करता होते. पहिल्या टप्प्यावर मी इतकी खूश होते की भाषांतरकाराकडे जाण्याची गरजच नाही, असे माझे मत बनले होते.

परीक्षकांच्या प्रश्नाने ते मत बदलले. तो निबंध ज्यावर अडला ती गोष्ट मी नीट उलगडून सांगते, कारण माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचा खरा कस तिथेच लागतो. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल करून देते. गोषवाऱ्यानुसार 80 रुग्णांचे दोन समान गट केले होते. औषध घेतलेल्या गटात 80 टक्के रुग्ण सुधारले, तुलनेच्या गटात 60 टक्के, आणि हा फरक लक्षणीय असल्याचे म्हटले होते. इंग्रजी स्वच्छ होते. संशय यावा असे त्यात काहीच नव्हते.

त्यानंतर मी मूळ निबंधाची पीडीएफ मिळवली, आणि या प्रवासातला सर्वांत सुखद धक्का तिथे बसला. तक्ते वाचायला भाषा फारशी लागतच नाही. आकडे तेच, टक्क्याचे चिन्ह तेच, आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर गटातील रुग्णांची संख्या लॅटिन n पुढे छापलेली. निकालाच्या तक्त्यात औषधाच्या गटाखाली n=30 होते आणि तुलनेच्या गटाखाली n=40. म्हणजे 30 पैकी 24 सुधारले आणि 40 पैकी 24. टक्केवारी अनुक्रमे 80 आणि 60 येते, त्यामुळे गोषवारा खोटे बोलत नव्हता. पण औषधाच्या गटात सुरुवातीला 40 जण होते. शेवटी हिशेबात नसलेले दहा जण सुधारले नाहीत असे धरले, तर 40 पैकी 24, म्हणजे तिथेही 60 टक्केच उरतात आणि दोन गटांतला फरक पूर्ण नाहीसा होतो. उलट ते दहाही जण सुधारले असे धरले, तर 40 पैकी 34, म्हणजे 85 टक्के होतात. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते ठरवायचे तर ते दहा जण का गळले हे कळले पाहिजे. ते कारण तक्त्याखालच्या तळटिपेत होते, जपानीत.

या एका छेदाच्या आकड्यावर मी प्रमाणाबाहेर भर देते आहे असे कोणाला वाटेल, तर वाटू दे. आढावा-लेखात निष्कर्ष टक्केवारीच्या रूपाने उचलला जातो आणि एका लेखातून दुसऱ्यात जाताना तो कितीपैकी किती, हे मागेच राहते. भाषा येणारा वाचक निदान तळटिपेपर्यंत जाऊ शकतो. माझ्यासारखीला गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीपाशीच थांबावे लागते, आणि गळालेल्या रुग्णांचा उल्लेख जागा वाचवताना सर्वांत आधी वगळला जातो.

मात्र दोष भाषांतराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, हेही मला पुढे पटले. 1999 साली जामा या नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध झाली होती. नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतील गोषवारे त्यांच्याच मूळ निबंधांशी ताडून पाहिले, तेव्हा मूळ मजकुराशी न जुळणारी किंवा त्यात मुळीच नसलेली माहिती असलेल्या गोषवाऱ्यांचे प्रमाण नियतकालिकागणिक 18 ते 68 टक्के निघाले. हे सर्व इंग्रजीतले इंग्रजीत होते. तेव्हा गोषवारा मुळातच अपुरा असतो. भाषा न येणाऱ्याकडे तो अपुरेपणा भरून काढण्याची वाट नसते, एवढाच फरक.

संदर्भ कसा लिहावा, याबाबत मात्र मी पूर्वीपेक्षा कडक झाले आहे, आणि त्याला कारण एक जुने प्रकरण आहे. 1887 साली यारोस्लाव ह्लावा या चेक वैद्याने आमांशावर चेक भाषेत निबंध लिहिला. शीर्षक होते 'ओ उप्लावित्सी', म्हणजे 'आमांशाविषयी'. कार्टुलिस यांनी एका जर्मन नियतकालिकात त्याचा गोषवारा दिला आणि त्यात शीर्षकच लेखकाचे नाव म्हणून छापले गेले. पुढे कित्येक वर्षे संशोधक 'उप्लावित्सी, ओ.' या अस्तित्वात नसलेल्या लेखकाचा हवाला देत राहिले. 1938 साली क्लिफर्ड डोबेल यांनी 'पॅरासायटॉलॉजी' या नियतकालिकात या डॉ. उप्लावित्सींवर लेख लिहून ते प्रकरण सविस्तर मांडले. मूळ निबंधाचे पहिले पान उघडून पाहणे, हे भाषा न येणाऱ्यालाही जमण्यासारखे काम होते.

म्हणून आता मी पहिले पान पाहिल्याशिवाय लेखकांची नावे, खंड आणि पृष्ठांक नोंदवत नाही. संदर्भसूचीत भाषांतरित शीर्षक चौकोनी कंसात ठेवते आणि शेवटी मूळ भाषा लिहिते. फक्त गोषवारा पाहिला असेल, तर तसे मजकुरातच सांगते. कॉक्रेनच्या आढाव्यांत भाषांतराची वाट पाहणारे निबंध 'वर्गीकरण प्रलंबित' या सदरात ठेवता येतात. ही सोय मला फार योग्य वाटते, कारण तिथे निबंध गाळलाही जात नाही आणि न वाचता मोजलाही जात नाही.

खर्चाबाबतही माझे मत तिसऱ्यांदा बदलले. संपूर्ण निबंधाचे भाषांतर करून घेणे मला अजूनही उधळपट्टी वाटते, कारण प्रस्तावना आणि चर्चा यांतला बराच भाग माझ्या कामाचा नसतो. जपानी जाणणाऱ्या सहकाऱ्यांना मी दोनच गोष्टी विचारल्या. गट कसे पाडले ते सांगणारा परिच्छेद कोणता आणि त्यात काय लिहिले आहे, आणि तक्त्याखालच्या तळटिपा काय म्हणतात. त्यांना त्यासाठी फार वेळ लागला नाही. तळटिपेनुसार ते दहाही जण मळमळीमुळे औषध सोडून गेले होते.

गोषवाऱ्यात मळमळ हा शब्दही नव्हता. सुधारित लेखात तो निबंध परिणामकारकतेच्या परिच्छेदात आता दोन्ही टोकांच्या टक्केवारीसह येतो, आणि दुष्परिणामांच्या परिच्छेदात त्याचा हवाला 40 पैकी 10 रुग्णांनी औषध सोडल्याबद्दल दिला आहे.