नवं मशीन की सेटअपमधली बचत: केस स्टडीची दोन उत्तरं शेजारी ठेवून

परीक्षेतली केस समजा अशी आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा लघुउद्योग, दिवसाची मागणी 1000 खोकी, निघतात 720. अटी चारच: खर्च 5 लाखांच्या आत, नवं कर्ज नाही, पाळी एकच (480 मिनिटं, ओव्हरटाइम नाही) आणि दिवाळीचा माल दोन महिन्यांत सुरू व्हायला हवा. परिशिष्टात छपाईचा वेग मिनिटाला 3 खोकी, दिवसाला 6 जॉब-बदल, प्रत्येकी सेटअपला 40 मिनिटं. छपाईनंतर खोकी चिकटवायच्या म्हणजे पेस्टिंगच्या कामाची क्षमता दिवसाला 1050.

बहुतेकांचं उत्तर: 28 लाखांचं स्वयंचलित छपाई मशीन. त्याच परिशिष्टात डिलिव्हरी 16 आठवडे लिहिलेली असते. म्हणजे खर्च, कर्ज आणि मुदत या तीन अटी पहिल्याच ओळीत मोडल्या. वर ‘बँकेकडून कर्ज मिळेल असे गृहीत धरू’ असं लिहिलं की परीक्षक तिथेच थांबतो. केस ज्याबद्दल गप्प आहे तेवढंच गृहीत धरता येतं, तिने नाकारलेलं नाही. पण खरी गंमत वेगळी आहे. पैसे असते तरी पेस्टिंग 1050 वर अडतंच, त्यामुळे मशीनने 2000 छापली तरी दाराबाहेर 1050 च जाणार.

दुसरं उत्तर दिसायला साधं आहे. 6 × 40 = 240 मिनिटं सेटअपमध्ये जातात, उरलेल्या 240 मिनिटांत 3 च्या वेगाने 720 खोकी. उत्पादन कमी पडण्याचं कारण इथे आकड्यांतच सापडतं: मशीन हळू नाही, अर्धा दिवस उभं आहे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीप्रमाणे सेटअपची कामं दोन गटांत विभागायची. पुढच्या जॉबचा स्टीरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, शीटवर चिकटवणं (12 मिनिटं) आणि शाई तयार करणं (8 मिनिटं) मशीन चालू असतानाच उरकता येतं. रोलर धुणं, स्टीरिओ चढवणं, रजिस्ट्रेशन म्हणजे छपाईची जागा नेमकी जुळवणं यासाठी मात्र मशीन थांबवावंच लागतं. सेटअप 20 मिनिटांवर आला की 360 मिनिटं छपाई, 1080 खोकी. पेस्टिंगमुळे प्रत्यक्षात 1050, तरीही मागणी भागते. जादा शीट, शाईची ट्रॉली आणि प्रशिक्षण मिळून खर्च दीड लाख धरला तरी मर्यादेत बसतो.

या उत्तराचेही गुण जातात, जर चालू मशीनच्या वेळी ही तयारी कोण करणार हे लिहिलं नाही तर. ऑपरेटर मशीन सोडू शकत नाही. केसमध्ये मदतनीस दिलेला असेल तर त्याचं नाव घ्या, नसेल तर त्याची मजुरी 5 लाखांत मोजा. शिवाय आज 720 वर झाकली गेलेली पेस्टिंगची मर्यादा आता उघडी पडते. मागणी 1050 च्या पुढे गेली तर आधी तिथे खर्च करावा लागेल, आणि छपाईचं नवं मशीन त्यानंतरच्या टप्प्यात, नवी अंदाजपत्रकी मर्यादा मिळाली तर, एका ओळीत सुचवता येईल.